बोअर का आटला, ते एका कागदावर मांडताना

आमच्या लातूरकडं पर्यावरणशास्त्राच्या पेपरला कन्सेप्ट मॅप, म्हणजे संकल्पना चौकटीत लिहून बाणांनी जोडलेला नकाशा, काढायला सांगितला की लेकरं काय करतात, मधोमध मोठा गोल काढून त्यात 'पाणी' लिहितात आणि मग त्याला चहूबाजूंनी रेषा, पाऊस, शेती, धरण, प्रदूषण, दुष्काळ, आरोग्य, सगळं. दिसायला कोळ्याचं जाळं झकास, पण त्यातून कळत काहीच नाही, कारण पाण्याचा संबंध नाही अशी गोष्ट तरी कुठली सापडणार?

कन्सेप्ट मॅपचा प्रकार अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 च्या सुमारास सुरू केला, आणि त्यात मुख्य गोष्ट चौकटी नाहीत, बाणावर लिहिलेले शब्द आहेत. चौकट, बाणावरचे शब्द आणि पुढची चौकट सलग वाचली की एक पूर्ण वाक्य झालं पाहिजे. अन् ते वाक्य खरं की खोटं हे तपासता आलं पाहिजे. 'भूजल – संबंधित आहे – शेती' हे कधी खोटं ठरूच शकत नाही, म्हणून बिनकामाचं. 'उसाचं सिंचन – वाढवतं – भूजलाचा उपसा' यावर मात्र कुणी म्हणू शकतो की आमचा ऊस कॅनॉलवर आहे, बोअरवर नाही, म्हणजे इथं भांडायला जागा आहे.

सुरुवात विषयापासून नाही, प्रश्नापासून करायची. मी एकदा वर्गात प्रश्न दिला, 'गावातला बोअर मार्चमध्येच का आटतो?' आधी नुसती यादी केली, वीस शब्द झाले. आता वीस चौकटींच्या जोड्या 190 होतात बरं का, सगळ्या जोडल्या तर कागद काळा. म्हणून एकेक शब्द प्रश्नासमोर धरायचा. ओझोनचा थर गेला, प्लास्टिक गेलं. 'पाणी' पण गेलं, कारण त्यात पावसाचं पाणी, मातीतली ओल आणि खडकातलं भूजल असं तीन वेगळं पाणी लपलेलं होतं. 'दुष्काळ' वर तर बराच वाद झाला, मी म्हणलं नेमका कोणता, पाऊस कमी पडला तो का भूजल खाली गेलं तो? शेवटी त्याच्या जागी 'पावसातली तूट' आणि 'भूजल पातळी' अशा दोन चौकटी आल्या.

मग जोडणी. पाऊस ते भूजल पातळी असा सरळ बाण सगळ्यांनीच मारला होता. 'वाढवतो' असं लिहून मोकळे. पण मध्ये काय घडतं? आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा पहिलं पाणी भेगांतून आत जातं, मग ओल लागली की माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचा बराच पाऊस वरूनच वाहून जातो. खाली बेसॉल्ट, त्यात पाणी मावतं ते मुरमात आणि भेगा-फटींत, अखंड काळ्या पाषाणात जवळजवळ नाहीच. म्हणजे त्या एका बाणाच्या पोटात 'मुरणं', 'काळी माती' आणि 'बेसॉल्टमधल्या फटी' अशा तीन चौकटी दडून बसल्या होत्या. बाणावर 'वाढवतो' लिहिलं आणि लगेच 'कसं काय?' असं विचारावं वाटलं, की समजायचं मधली चौकट राहिली.

एका पोरानं बाण काढला, 'खोल बोअर – वाढवतो – पाणी'. वर्गातले निम्मे हो म्हणाले, कारण घरी तेच चालू आहे, 300 फुटाला नाही लागलं तर 600 ला जा. त्याला म्हणलं वाक्य मोठ्यानं वाच आणि 'पाणी' च्या जागी 'भूजलाचा साठा' घाल. तो हसलाच. खोल गेल्यानं साठा वाढत नाही, असलेला उपसायची सोय वाढते, त्यानं पातळी अजून खाली जाते आणि शेजारचा आणखी खोल जातो. असा बाण फिरून मागं आला की तो ठळक काढा, कारण पाणी, शेती आणि ऊर्जा ही पुस्तकातली वेगवेगळी प्रकरणं तिथंच जोडली जातात, मोटर किती तास चालते ते विजेवर ठरतं ना. अशा आडव्या जोडण्या दोन-तीन पुरे, पण त्या विचार करून आलेल्या पाहिजेत.

2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते प्रत्येकाला नकाशात घालायचंच होतं. ती संकल्पना नाही, घटना आहे, म्हणून तिला चौकट नको, टोकाला 'उदा.' म्हणून नुसती लिहायची.

एक गोष्ट मात्र या नकाशाला जमत नाही, ती म्हणजे किती आणि कधी. कमी मुरण्यानं बोअर आटला का जास्त उपशानं, यातलं कोण किती जबाबदार हे बाण सांगत नाहीत, त्यासाठी पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरीत दोरी सोडून पातळीच मोजावी लागते. आमच्या पोरांनी तो आकडा 'भूजल पातळी' च्या चौकटीशेजारी पेन्सिलनं लिहायला जागा सोडली.