मोल गुणोत्तर समीकरणात, लिमिटिंग रिएजंट भांड्यात

काल तुझी वही चाळली. मोल काढताना तू कुठेच चुकलेलं नाहीस. गाडी अडते ती त्याच्या पुढच्या पायरीवर, आणि चारही गणितांत एकाच जागी: मोल गुणोत्तर आणि लिमिटिंग रिएजंट या दोन गोष्टी तुझ्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. परीक्षेआधी तेवढाच गुंता सोडवू.

हे समीकरण घे:

2Al + 3Cl₂ → 2AlCl₃

२ मोल ॲल्युमिनियमला ३ मोल क्लोरीन लागतो, हे झालं मोल गुणोत्तर. ते समीकरणातल्या सहगुणकांवरून ठरतं. तू चिमूटभर ॲल्युमिनियम घे नाहीतर पोतंभर, २:३ हे २:३च राहतं. लिमिटिंग रिएजंट मात्र समीकरणाकडे कितीही वेळ बघत बसलं तरी सापडणार नाही, कारण कोणता पदार्थ आधी संपेल हे तू किती किती घेतलंस यावर अवलंबून आहे.

आता आकडे घालू. ॲल्युमिनियम ५.४० ग्रॅम, क्लोरीन १७.७५ ग्रॅम. मोलर वस्तुमानं २७ आणि ७१, म्हणजे ॲल्युमिनियम ०.२०० मोल आणि क्लोरीन ०.२५० मोल. तुझ्या वहीत इथे ‘ॲल्युमिनियम कमी, म्हणून ॲल्युमिनियम लिमिटिंग’ असं लिहिलंय. ग्रॅममध्ये ते कमी आहे, मोलमध्येही कमी आहे, त्यामुळे मोह होतो खरा. पण किती आहे हे बघून भागत नाही, किती लागेल तेही बघावं लागतं. ०.२०० मोल ॲल्युमिनियम पूर्ण वापरायचं तर क्लोरीन हवा ०.२०० × ३/२ = ०.३०० मोल. आपल्याकडे आहे ०.२५०. म्हणजे जो जास्त दिसत होता तो क्लोरीनच आधी संपणार. लिमिटिंग रिएजंट तोच.

इथे गुणोत्तर दोनदा वापरावं लागतं, आणि गोंधळाचं मूळ बहुधा हेच असावं. पहिल्यांदा ते दोन अभिक्रियाकारकांमध्ये लावलं, कोण अपुरा पडतो ते कळायला. आता तेच लिमिटिंग रिएजंट आणि उत्पादित यांच्यात लावायचं. ३ मोल क्लोरीनपासून २ मोल AlCl₃, म्हणून ०.२५० × २/३ = ०.१६६७ मोल. मोलर वस्तुमान १३३.५, उत्तर २२.२५ ग्रॅम. तेवढ्यासाठी ॲल्युमिनियमही ०.१६६७ मोलच खर्च झालं, कारण त्यांचं गुणोत्तर २:२. उरलं ०.०३३३ मोल, म्हणजे ०.९० ग्रॅम.

आता ताळा. सुरुवातीला भांड्यात एकूण ५.४० + १७.७५ = २३.१५ ग्रॅम होते. शेवटी २२.२५ + ०.९० = २३.१५. जमलं. तुझ्या पद्धतीने ॲल्युमिनियम लिमिटिंग धरलं, तर ०.२०० मोल, म्हणजे २६.७ ग्रॅम AlCl₃ येतं. घातलं त्यापेक्षा साडेतीन ग्रॅम जास्त! असं झालं की लिमिटिंग रिएजंट चुकला असेल, नाहीतर २/३ च्या जागी ३/२ लिहिलं असेल. दुसरी चूक लगेच उघडी पडते, कारण मग उत्तर ५० ग्रॅमच्या घरात जातं.

क्लासमध्ये शिकवतात ती झटपट युक्तीही चालेल: प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने भागायचे. ०.२००/२ = ०.१००, ०.२५०/३ = ०.०८३३. लहान भागाकार क्लोरीनचा, म्हणून तो लिमिटिंग. मला ही युक्ती फारशी आवडत नाही, कारण पुढे बरेच जण ०.०८३३ हेच उत्पादिताचे मोल समजून मोकळे होतात. त्याला AlCl₃ च्या सहगुणकाने, म्हणजे २ ने गुणायचं राहून जातं आणि उत्तर निम्मं येतं. हे वस्तुमानाच्या ताळ्यात सहज पकडता येत नाही, कारण २२.२५ च्या जागी ११.१ आलं तरी ते २३.१५ पेक्षा कमीच आहे. उरलेलं ॲल्युमिनियमही मोजून मिळवलं, तरच बेरीज जुळत नाही हे दिसतं.

आता क्लोरीन तेवढाच ठेव आणि ॲल्युमिनियम निम्मं कर: २.७० ग्रॅम, ०.१०० मोल. त्याला क्लोरीन लागेल ०.१५० मोल आणि आहे ०.२५०. आता ॲल्युमिनियम आधी संपेल. समीकरणातला एकही आकडा हलला नाही, तरी लिमिटिंग रिएजंट बदलला. किती AlCl₃ तयार होईल आणि किती क्लोरीन उरेल ते तू काढ, ताळ्यासकट. भांड्यातली एकूण बेरीज या वेळी २०.४५ ग्रॅम यायला हवी.