सगळी गृहीतकं वाजवी, तरी तरतूद कमी?

"प्रत्येक गृहीतक वाजवी मर्यादेत बसतंय, मग बुडीत कर्जांसाठीच्या तरतुदीवर ऑडिटरने बोट का ठेवावं?"

कारण मर्यादा प्रत्येक गृहीतकाची असते आणि कल सगळ्यांचा मिळून दिसतो. लेखापरीक्षणाचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या सुधारित आयएसए 540 मध्ये हेच आहे: सुटे निर्णय पटण्याजोगे असले, तरी एकत्रितपणे ते व्यवस्थापनाच्या पक्षपाताकडे बोट दाखवतात का, हे तपासायचं.

समजा, कर्जबाकी 1000 आहे. थकण्याची शक्यता 3 ते 4 टक्के आणि थकल्यावर बुडणारा हिस्सा 40 ते 50 टक्के, असं पुराव्यावरून दिसतं. व्यवस्थापन 3 आणि 40 घेतं, तरतूद 12. दोन्हींचे मध्य धरले तर 15.75. एकही आकडा मर्यादेबाहेर नाही, पण दोन्ही नफ्याला सोयीच्या टोकाला. योगायोग? असेलही. म्हणून गेल्या वर्षीची फाइल उघडायची. तेव्हा बुडणारा हिस्सा 45 धरला होता आणि यंदा 40, तर तारणाच्या विक्रीतून खरंच जास्त वसुली झाली का? "बाजार सुधारलाय" हा पुरावा नव्हे. त्यातच हिशेबात मंदीच्या शक्यतेला दिलेलं वजनही याच वर्षी घटवलं असेल, तर माझा संशय बळावतो.

गेल्या वर्षीचा अंदाज चुकला, एवढ्यावरून मात्र तेव्हाची तरतूद चूक ठरत नाही. तेव्हा काय माहीत होतं, ते बघायचं. पक्षपाताची खूण म्हणजे लगेच चूक सिद्ध झाली असंही नाही. उलटी बाजूही असते: चांगल्या वर्षात तरतूद फुगवून पुढच्या वर्षासाठी नफा दडवणं, हाही पक्षपातच.