रेडिएटर वरून थंड का राहतो?

नागपुरात डिसेंबरची थंडी गीझर आणि रजईवर निभते. घरभर गरम पाणी फिरवणारे रेडिएटर आपल्याकडे नसतात, पण आपली मुलं जिथे शिकायला-नोकरीला जातात तिथे ते असतात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतणीचा गेल्या हिवाळ्यात फोन आला, "काका, वरच्या मजल्यावरचा रेडिएटर खाली चांगला तापतो, पण वरचा भाग थंडगार. बिघडला का?"

बिघडला नव्हता, त्यात हवा अडकली होती. तिकडच्या रेडिएटरमध्ये पाणी बहुधा खालच्या एका कोपऱ्यातून येतं आणि खालच्याच दुसऱ्या कोपऱ्यातून जातं. वर साचलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून गरम पाणी तिच्या खालूनच निघून जातं. ही हवा बरेचदा पाण्यातूनच येते. गॅसवर पातेलं ठेवलं की उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी कडेला बारीक बुडबुडे धरतात, ती पाण्यात विरघळलेली हवा असते. पाणी तापलं की तिला विरघळून राहता येत नाही.

मी तिला आधी बॉयलर बंद करून रेडिएटर पूर्ण निवू द्यायला सांगितलं. गरम असताना उघडलं तर हात भाजतो, आणि पंप चालू असेल तर आणखी हवा आत ओढली जाऊ शकते. रेडिएटरच्या वरच्या टोकाला चौकोनी डोक्याचा छोटा स्क्रू असतो. त्याला चावी लावायची, खाली फडकं धरायचं आणि घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, फार तर अर्धा फेरा फिरवायचं. स्क्रू पूर्ण काढायचा नाही, नाहीतर पाण्याची चिळकांडी उडते आणि तो परत बसवणं कठीण होतं. आधी फुस्स आवाज येतो, मग पाणी थुंकल्यासारखं येतं. सलग धार लागली की लगेच बंद करायचं.

यानंतर बॉयलरवरचा काटा बघायलाच हवा. हवा गेली की दाब उतरतो. तिचा काटा १.२ बारवरून ०.८ वर आला होता. बंद प्रणालीत थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार लागतो, म्हणून भरणीचा व्हॉल्व्ह उघडून तिने तो पुन्हा १.२ वर आणला आणि व्हॉल्व्ह घट्ट बंद केला. रेडिएटर वरपर्यंत तापला.

काही आठवड्यांनी तोच रेडिएटर वरून पुन्हा थंड पडला. अशा वेळी स्क्रूला हात लावण्याआधी काटा पाहावा. मध्यंतरी तो आपोआप उतरत असेल आणि सारखं पाणी भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि प्रत्येक भरणीबरोबर नवी हवा आत येते. तिचा काटा मात्र १.२ वरून हललेला नव्हता. तेव्हा माझा संशय गंजावर गेला. आतलं लोखंड गंजताना पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो, आणि तोही वरच जमतो. तो पेट घेतो, त्यामुळे स्क्रूजवळ काडी किंवा लायटर कधीही नेऊ नये. इथे नुसती हवा काढून भागत नाही. प्लंबरकडून पाणी तपासून, आतला काळा गाळ धुऊन, गंजरोधक रसायन घालून घ्यावं लागतं.