पन्नाशीनंतरचं क्रिएटिन आणि रिपोर्टमधला वाढलेला आकडा

क्रिएटिनचा डबा म्हटलं की जिममधली पंचविशीतली पोरं डोळ्यांसमोर येतात. आता हाच डबा जळगाव-भुसावळकडच्या पन्नाशी-साठीच्या बायकांपर्यंत पोचला आहे. मुलगा पुण्याहून पाठवतो, सून सांगते, मोबाइलवर कुणी डॉक्टर समजावतात: स्नायू टिकतात, हाडं मजबूत होतात, डोकं तल्लख राहतं. त्यापाठोपाठ शेजारणीचा इशाराही येतो, "अहो, त्यानं किडनी जाते!" या इशाऱ्याला पुरावा म्हणून बहुतेक वेळा लॅबचा रिपोर्टच दाखवला जातो. म्हणून तो रिपोर्ट कसा वाचायचा, ते नीट पाहू.

क्रिएटिन हे औषध नव्हे, स्टेरॉइड तर नव्हेच. आपलं शरीर ते रोज बनवतं. किडनीत आर्जिनिन आणि ग्लायसिन या दोन अमिनो आम्लांपासून त्याचा कच्चा रेणू तयार होतो, यकृतात तो पूर्ण होतो आणि रक्तातून स्नायूंत जातो. शरीरातलं सुमारे 95 टक्के क्रिएटिन स्नायूंमध्येच असतं. तिथे त्याला फॉस्फेट जोडलं जातं. आपण जिना चढायला लागलो की पहिल्या काही सेकंदांत खर्च झालेलं एटीपी हे पेशींचं इंधन पुन्हा भरून काढायला हाच फॉस्फेट धावून येतो. आहारातून क्रिएटिन मिळतं ते मांस आणि मासे यांतून. दुधात ते अगदी नगण्य असतं, भरीत-भाकरीत किंवा डाळीत नसतंच. त्यामुळे शाकाहारी घरांतल्या माणसांच्या स्नायूंतला साठा मुळात कमी असतो आणि पावडर सुरू केल्यावर तो जास्त वाढतो.

आता ज्या रासायनिक क्रियेवर हा सगळा गोंधळ उभा आहे, तिच्याकडे वळू. क्रिएटिनचा रेणू लांबट असतो. त्याची दोन टोकं कधी ना कधी एकमेकांना जुळतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि बंद कडं तयार होतं. हेच क्रिएटिनिन. या बदलाला कुठलंही विकर लागत नाही, तो आपोआप होतो आणि ठरावीक वेगानं होतो: साठ्याच्या सुमारे 1.7 टक्के, दररोज. 70 किलोच्या पुरुषाच्या अंगात साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असेल, तर रोज अंदाजे 2 ग्रॅम क्रिएटिनिन तयार होतं. त्याचा शरीराला काही उपयोग नसतो. किडनी ते गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. (पाण्यात कालवून ठेवलेल्या क्रिएटिनचंही हळूहळू हेच होतं. म्हणून ते कालवलं की लगेच प्यावं, सकाळसाठी रात्रीच भिजवून ठेवू नये.)

रक्तातलं क्रिएटिनिन म्हणजे हतनूर धरणातली पाण्याची पातळी. पातळी चढली तर दोन कारणं असू शकतात. दरवाजे अडकले असतील, नाहीतर वरून तापी-पूर्णेला जास्त पाणी आलं असेल. लॅब फक्त पातळी मोजते. आणि येणारं पाणी नेहमीइतकंच आहे असं गृहीत धरून, दरवाजे किती उघडे आहेत याचा अंदाज छापते. त्या अंदाजालाच रिपोर्टवर 'ईजीएफआर' म्हणतात.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, सावद्याच्या एक काकू आहेत. वय 62, शुद्ध शाकाहारी. क्रिएटिन सुरू करण्याआधी त्यांचं क्रिएटिनिन 0.9 होतं. सध्या प्रचलित असलेल्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रानं त्यांचा ईजीएफआर येतो 72. दोन महिने रोज 5 ग्रॅम घेतल्यावर स्नायूंतला साठा पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक वाढला. मग क्रिएटिनिनही त्याच प्रमाणात जास्त तयार होणार. रिपोर्टवर आकडा आला 1.1. तेच सूत्र आता 57 दाखवतं. 60 च्या खाली गेलं की किडनीच्या आजाराची शंका घेतली जाते, म्हणून घरात रडारड. प्रत्यक्षात काकूंची किडनी आधीइतकंच रक्त गाळते आहे. बहुतेकांत वाढ याहून लहान असते, पण 60 च्या काठावर असलेल्या वयस्कर माणसाला लहानशी वाढही पुरते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2010 साली एकच किडनी असलेल्या 20 वर्षांच्या तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला पाच दिवस 20 ग्रॅम आणि नंतर महिनाभर रोज 5 ग्रॅम क्रिएटिन दिलं. क्रिएटिनिन 1.03 वरून 1.27 झालं. पण त्याच वेळी किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ शिरेतून देऊन गाळण्याचा वेग थेट मोजला होता. तो आधी 81.6 आणि नंतर 82.0, म्हणजे होता तसाच. याच गटानं टाइप 2 मधुमेह असलेल्यांवर 12 आठवडे केलेल्या चाचणीतही थेट मोजलेला वेग घटला नाही.

काकूंनी काय करावं? रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि पावडरचं आवर्जून सांगावं. लपवलं की निदान चुकतं. 'सिस्टॅटिन सी' नावाची रक्ततपासणी असते. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, क्रिएटिनशी त्याचा संबंध नाही. त्यावरून काढलेला ईजीएफआर चांगला आला आणि लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही जात नसेल, तर पाणी वरूनच जास्त आलं होतं. या तपासण्याही बिघडलेल्या आल्या, तर मात्र "पावडरमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नये. ती चूक शेजारणीच्या भीतीपेक्षा महागात पडते. पावडर बंद करून तपासायचं असेल, तर दोन दिवस पुरत नाहीत. स्नायूंतला साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात.

इथेच "क्रिएटिनिन उतरवणारे" काढे आणि भस्मं विकणाऱ्यांचं फावतं. पावडर थांबवली की आकडा आपोआप खाली येतो आणि श्रेय काढ्याला मिळतं. अशा काही भस्मांतून पोटात जाणारे पारा आणि शिसं किडनीची खरी हानी करतात. गुडघ्यांसाठी महिनोन्‌महिने गिळलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तेच. आणि मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, पाणी न पिता शेतात किंवा लग्नात दिवस काढला तर नुसत्या त्या कोरडेपणानंही क्रिएटिनिन चढतं. तपासणी अशा दिवशी करू नये.

आता फायद्यांचं. स्नायूंबाबतचा दावा खरा आहे, पण त्याला एक अट आहे. वयस्कर माणसांनी वजन उचलण्याच्या व्यायामासोबत क्रिएटिन घेतलं, तेव्हा नुसत्या व्यायामापेक्षा चरबी सोडून उरणारं वजन सरासरी सव्वा ते दीड किलो जास्त वाढलं. त्यातला काही भाग स्नायूंत ओढलं गेलेलं पाणी असतो. व्यायामाशिवाय हाती फारसं लागत नाही. हाडांचा दावा मात्र टिकला नाही. कॅनडातल्या संशोधकांनी पाळी गेलेल्या 237 बायकांवर केलेली चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षं व्यायामासोबत क्रिएटिन घेऊनही हाडांची घनता वाढली नाही.

मेंदूचं चित्र अजून धूसर आहे. मेंदू आपलं क्रिएटिन बरंचसं स्वतःच बनवतो आणि रक्तातलं फारसं आत घेत नाही. 2003 मध्ये 45 तरुण शाकाहाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात स्मरणशक्ती सुधारलेली दिसली होती. पण 2023 मध्ये 123 जणांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा परिणाम असलाच तर अगदी बारीक निघाला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2024 मध्ये बुद्धीविषयीचा हा दावा अमान्य केला. विसरभोळेपणासाठी म्हणून आईला डबा आणून देण्याइतका पुरावा आज नाही.

घ्यायचंच असेल तर साधं मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्रॅम. सुरुवातीला आठवडाभर 20 ग्रॅम घ्यायची गरज नाही. रोज 3 ग्रॅमनंही महिनाभरात साठा तितकाच भरतो. डबा उघडण्याआधी एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून तो कागद जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या आकड्याची तुलना करता येते. वर सांगितलेल्या चाचण्या बहुतेक निरोगी माणसांवरच्या आहेत. ज्यांची किडनी आधीच अधू आहे त्यांनी किडनीच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय क्रिएटिन सुरू करू नये, आणि बरीच वर्षं बीपी किंवा शुगर असलेल्यांनी आधी ही तपासणी करून घेतल्याशिवाय.