मांजरपाटावरच्या सुरकुत्या कुठे बोट दाखवतात ते बघा

काकूंची कुर्ती शिवायला घेतली तेव्हा आधी इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटमधून कोरं मांजरपाट आणलं, धुऊन आटवलं आणि ट्रायल शिवली. चांगलं कापड कापायच्या आधी चूक सापडावी म्हणून हा खटाटोप. ट्रायल घातली आणि छातीच्या टोकापासून काखेकडे तीन-चार तिरप्या, ताणलेल्या रेघा उमटल्या. काकू लगेच म्हणाल्या, "अगं, बाजूने सोड ना थोडं, मार्जिन आहे की!"

बहुतेक जण हेच करतात आणि इथेच गोची होते.

घरातला रुमाल घ्या, समोरासमोरची दोन टोकं धरून ओढा. ज्या दिशेने ओढाल त्याच दिशेने घड्या पडतात, कारण कापड उरेब ओढलं की त्याचे उभे-आडवे धागे एकमेकांवर फिरतात, मधली रुंदी आक्रसते आणि जास्तीचं कापड ताणाच्या दिशेने उभं राहतं. अंगावरच्या कपड्याचंही तेच. ताठ रेघ म्हणजे तिच्या दोन टोकांमध्ये कापड कमी पडतंय. पण कमी कुठल्या टोकाशी पडतंय ते रेघ सांगत नाही, ते तपासायला लागतं.

म्हणून मी शिवायच्या आधी ट्रायलवर पेनाने एक उभी रेघ पुढच्या मध्यावर आणि एक आडवी रेघ छातीवरून, अगदी धाग्याला धरून, ओढून ठेवते. काकूंच्या अंगावर ती आडवी रेघ छातीपाशी वर चढलेली, पुढचा घेर मागच्यापेक्षा वर उचललेला आणि बाजूची शिलाई पुढे ओढलेली दिसत होती. म्हणजे रुंदी तर कमी होतीच, पण उंचवट्यावरून खाली यायला लांबीही कमी होती. बाजूने सोडून फक्त रुंदी मिळते, तीही काखेखाली जिथे नको तिथे, आणि घेर वरचा वरच राहतो.

मापं परत बघितली. काखेतून वरच्या छातीचं माप 36, पूर्ण छातीचं 40. शोल्डर आणि मुंढा नीट बसावा म्हणून मी पॅटर्न वरच्या मापावरून निवडलेला, आणि तो 38 छातीला धरून काढलेला होता. म्हणजे पुढच्या भागात एकूण 2 इंच कमी, अर्ध्या भागात 1 इंच. खात्री करायला काकूंच्या अंगावरच ट्रायलला छातीच्या टोकावरून उभा काप दिला (हळू, आत बोट घालून!) आणि तो आपोआप फाकला, साधारण इंचभरच. रेघा तिथल्या तिथे मावळल्या. हा काप म्हणजे माझ्यासाठी सगळ्यात खरा पुरावा.

मग पॅटर्नच्या पुढच्या भागाच्या कागदावर खालून सरळ वर छातीच्या टोकापर्यंत आणि तिथून वळून मुंढ्याच्या खालच्या भागापर्यंत कापलं, मुंढ्याच्या शिलाईपाशी बिजागरीसारखं जरासं जोडलेलं ठेवलं. दुसरा काप बाजूच्या टक्सच्या मधून टोकापर्यंत. टोकापाशी 1 इंच उघडलं की टक्स आपोआप मोठा होतो आणि बाजूचा तुकडा खाली उतरतो. मग मधला तुकडा आडवा कापून तेवढाच खाली सरकवायचा म्हणजे घेर सरळ. मोठा टक्स शिवला की बाजूची शिलाई मागच्या भागाशी पहिल्यासारखीच जुळते, लांबी फक्त उंचवट्यावर वाढते.

एक गोष्ट आधी करायला हवी होती, ती मी नंतर केली. मुंढ्याची मार्जिन कापून शिलाईच्या रेघेपर्यंत आणायची, नाहीतर ती जाड पट्टी काखेत अडकते आणि खोट्याच रेघा पाडते.

दुसऱ्या ट्रायलला छाती साफ बसली, पण उजवीकडे गळ्यापासून काखेकडे एक तिरपी घडी दिसली. ही ताठ नव्हती, मऊ होती, बोटांच्या चिमटीत सहज येत होती. मऊ घडी म्हणजे कापड जास्त आहे. शोल्डरच्या टोकाशी चिमटीत धरून कापड वर उचललं, 1 सेंटीमीटर धरल्यावर घडी गेली. काकूंचा उजवा खांदा जरा उतरता आहे, वर्षानुवर्षं त्याच खांद्यावर पर्स असते म्हणे, कारण तेच की दुसरं ते मला नाही सांगता येणार, कापडाला फक्त उतार कळतो. मग उजव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कागदांवर खांद्याचं टोक 1 सेंटीमीटर खाली घेतलं आणि मुंढ्याचा तळही तेवढाच खाली नेला, कारण नुसता खांदा उतरवला असता तर मुंढा लहान होऊन काखेत रुतला असता.