पंक्चर काढणे (मराठवाडा)

सायकल किंवा स्कूटरच्या चाकातील हवा बाहेर पडण्याचे ठिकाण शोधणे, ते बुजवणे आणि ज्यामुळे भोक पडले ती वस्तू काढून टाकणे, या तिन्ही कामांना मिळून पंक्चर काढणे म्हणतात. मराठवाड्यात हे काम सायकल मार्टमध्ये, फाट्यावरच्या टपरीत किंवा झाडाला जुना टायर टांगलेल्या जागी होते. अलीकडे शहरांत फोन केल्यावर कारागीर घरीही येतो. यातले बुजवण्याचे काम सर्वांत सोपे असते. काढलेले पंक्चर दोन दिवसांत पुन्हा झाले, तर दोष बहुधा ठिगळाचा नसून टायरमध्ये राहून गेलेल्या काट्याचा असतो.

कारणे

या भागातील सायकलचा मोठा शत्रू म्हणजे सराटा. पावसाळ्यानंतर बांधावर, शाळेच्या मैदानात आणि रस्त्याच्या कडेला जमिनीसरपट पसरणाऱ्या या वेलीचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे आणि दोन लहान काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. चाक त्यावरून गेले की काटा रबरात शिरतो, बाहेरचा भाग घासून जातो आणि आत काही मिलिमीटरचे टोक उरते. बाहेरून ते काळ्या ठिपक्यासारखे दिसते, किंवा दिसतच नाही.

बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा लांब असल्याने लगेच सापडतो. तो स्कूटरच्या टायरमध्येही जातो. तूर काढल्यावर शेतात राहणारे तिरपे कापलेले खुंट आणि पऱ्हाटीचे खुंट टायरची बाजू फाडतात. ते नुकसान ठिगळाने भरून येत नाही. शहरात खिळा, तारेचा तुकडा आणि काच हीच कारणे जास्त.

दुसरे मोठे कारण कमी हवा हे आहे. चाक मऊ असताना खड्ड्यात आदळले की ट्यूब रिम आणि टायर यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नये, मालकाला हवा तपासायला सांगावे. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर आऱ्याचे टोक वर आलेले असते किंवा रिमवरची पट्टी सरकलेली असते. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल, तर हवा कमी असताना टायर रिमवर घसरला आणि त्याने व्हॉल्व्ह ओढला, असे समजावे. ती जागा ठिगळ धरत नाही, ट्यूब बदलावी लागते.

साहित्य

सायकलसाठी दोन टायर लिव्हर, एकाच पट्टीत अनेक मापांची भोके असलेला सायकलचा पाना, हातपंप, पाण्याचे घमेले, खरकागद किंवा कानशीचा तुकडा, सोल्यूशन आणि ठिगळे एवढे पुरते. लिव्हरऐवजी पेचकस वापरू नये. त्याच्या धारेने ट्यूबला नवी चीर पडते आणि एक पंक्चर काढताना दुसरे होते. सोल्यूशनची मोठी बाटली घरी घेऊ नये. एकदा उघडली की उन्हाळ्यात काही आठवड्यांतच ते घट्ट होते, म्हणून लहान ट्यूबच बरी.

ट्यूबलेस स्कूटरसाठी पक्कड, टोच्या (भोक साफ करणारी खरबरीत सळई), डोळा असलेली मोठी सुई, चिकट दोरीच्या पट्ट्या, पाती आणि हवेचा दाब दाखवणारे मीटर लागते. घरी येणारा कारागीर गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर जवळ ठेवतो.

सायकल: एक उदाहरण

आठवी-नववीतल्या मुलीची सायकल संध्याकाळी भरलेली असते आणि सकाळी मऊ पडते. मागच्या आठवड्यातच पंक्चर काढलेले आहे. अशा वेळी चाक खोलण्याआधी व्हॉल्व्ह तपासावा. आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हला आत बारीक रबरी नळी असते, तिला दुकानात वालट्यूब म्हणतात. उन्हाने ती चिकट होते किंवा तडकते. व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवावा. बुडबुडा आला तर दोन-पाच रुपयांची नळी बदलून काम संपते. चाक खोलायची गरजच नसते.

बुडबुडा आला नाही, तर सायकल सीट आणि हँडलवर उलटी करावी. ट्यूब काढायला पूर्ण चाक सोडावे लागत नाही. टायरची एकच बाजू लिव्हरने रिमबाहेर काढावी, सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करावी. ट्यूब बाहेर ओढण्यापूर्वी व्हॉल्व्हजवळ टायरवर खडूने खूण करावी आणि ट्यूबची कोणती बाजू चेनकडे होती तेही लक्षात ठेवावे. घाईत ही खूण सर्रास राहून जाते, आणि पुढचा सगळा तपास तिच्यावरच असतो.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी फिरवावी. बारीक सराट्याच्या भोकातून बुडबुडे एकामागून एक, मोहरीएवढे येतात. म्हणून प्रत्येक जागी क्षणभर थांबावे. एक भोक सापडल्यावरही संपूर्ण ट्यूब फिरवून पाहावी, कारण सराटे बहुधा एकटे लागत नाहीत. मग ट्यूब होती तशी टायरवर धरावी. व्हॉल्व्ह खुणेशी जुळला की भोकासमोरची टायरची जागा आपोआप कळते. कोणती बाजू कुठे होती ते विसरले असेल, तर व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर दोन्ही दिशांना टायर तपासावा.

तिथे आतून कापडाची घडी फिरवावी. काट्याच्या टोकाला धागा अडकतो. नुसते बोट फिरवल्यास टोक बोटात घुसते. सापडलेला काटा आतून बाहेर ढकलून पकडीने ओढावा. वरील उदाहरणात गेल्या वेळचे ठिगळ शाबूत आणि नवे भोक त्याच्यापासून बोटभर अंतरावर असते. म्हणजे मागचा काटा टायरमध्येच राहिला होता आणि ट्यूब थोडी सरकून बसल्यावर त्याने दुसरी जागा टोचली.

आता ठिगळ. भोकाभोवतीची जागा कोरडी करून ठिगळापेक्षा थोडी मोठी खरवडावी. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असेल तर ती सपाट करावी, नाहीतर तिच्या कडेने हवा निघते. सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि पाच मिनिटे थांबावे. थर ओला चमकत असताना ठिगळ लावणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. आतले द्रावण अडकून राहते आणि ठिगळ उन्हात सरकते. बोट लावल्यावर थर चिकटला नाही, नुसता ओढल्यासारखा वाटला, की ठिगळ लावावे आणि मधून कडांकडे दाबत जावे. सोल्यूशन काडी लावून पेटवून वाळवू नये. काजळी बसते आणि पकड जाते, शिवाय जवळ सोल्यूशनची बाटली उघडी असते.

टायर परत बसवताना शेवटचा भाग हातानेच चढवावा. थोडी हवा भरून टायर दोन्ही बाजूंनी दाबून पाहावा, ट्यूब कुठे चिमटलेली नाही याची खात्री करावी, आणि मगच पूर्ण हवा भरावी. जुन्या ट्यूबच्या तुकड्याचे ठिगळ चालते, पण उन्हाळ्यात त्याच्या कडा लवकर उठतात. ज्यांच्याकडे कच्चे रबर तापवून दाबण्याचे यंत्र आहे, त्यांचे गरम पंक्चर या हवेत जास्त टिकते.

स्कूटर

नव्या स्कूटर बहुतेक ट्यूबलेस असतात. खिळा दिसला तरी तो लगेच उपटू नये. तो असेपर्यंत हवा हळू जाते आणि दुकान गाठता येते. जागेवरच काम करायचे असेल, तर खिळा कोणत्या दिशेने शिरला ते पाहून तो काढावा आणि टोच्या त्याच दिशेने घालून भोक खरवडावे. पट्टी सुईच्या डोळ्यात मध्यावर ओवून सोल्यूशन लावावी, दोन्ही टोके साधारण एक सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत घुसवावी आणि सुई झटक्यात सरळ ओढावी. हवा भरून त्यावर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडा नसेल तर टोके पातीने कापावीत, पण टायरच्या अगदी लगत नाही.

ही पट्टी फक्त टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागात चालते. बाजूला भोक असेल किंवा ते पेन्सिलीएवढे रुंद असेल, तर पट्टीवर भरवसा ठेवू नये. हवा नसताना गाडी चालवली तर टायर रिमवरून सुटतो आणि मग हातपंपाने हवा धरत नाही, कंप्रेसर लागतो. पट्टी बसवूनही हवा उतरत असेल, तर साबणाचे पाणी रिमच्या कडेला टाकावे. खड्ड्यात वाकलेल्या किंवा गंजलेल्या रिमच्या कडेने हवा जाते, आणि ते टायरचे पंक्चर नसतेच.

ट्यूब असलेल्या गिअरलेस स्कूटरचे मागचे चाक काढायला बहुधा आधी सायलेन्सर सोडावा लागतो. म्हणून ते काम महाग पडते. जुन्या चेतकसारख्या गाड्यांची रिम दोन अर्ध्यांची, नटांनी जोडलेली असते. ते नट सोडण्यापूर्वी व्हॉल्व्ह काढून सगळी हवा सोडावीच. आत हवा असताना नट सैल केले, तर रिमचे अर्धे भाग उडून हात आणि तोंड जखमी होते.

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो. तो चुकीचा आहे. अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या चाकात एका माणसासाठी 29 आणि दोघांसाठी 36 पीएसआय हवा सांगितलेली आहे, पुढे 22. सकाळी भरलेले 29 पीएसआय तापलेल्या रस्त्यावर 33-34 पर्यंत जातात, आणि टायर तेवढ्यासाठी बनवलेला असतो. हवा कमी असेल तर टायरची बाजू सतत मुडपते, त्यामुळे तो उलट जास्त तापतो. दाब नेहमी टायर थंड असताना मोजावा.

दर

दर गाव, वेळ आणि रस्त्यावर अवलंबून असतात. सायकलच्या एका पंक्चरला सध्या साधारण 20 ते 30 रुपये लागतात. ट्यूबमध्ये तीन भोके निघाली तर दुकानदार तिन्हींचे पैसे धरतो, म्हणून आधी सगळी भोके मोजून घ्यावीत. स्कूटरच्या ट्यूबच्या पंक्चरला 60 ते 100, मागचे चाक काढावे लागल्यास त्याहून जास्त, आणि ट्यूबलेसच्या एका पट्टीला 80 ते 150 रुपये पडतात. घरी येऊन काम केल्यास येण्याजाण्याचे 100-150 रुपये वर धरतात, रात्री आणि महामार्गावर आकडा वाढतो. तो फोनवरच ठरवून घेणे दोघांच्याही सोयीचे असते.

एका ट्यूबला चार-पाच ठिगळे झाली, किंवा रबर ताणल्यावर बारीक तडे दिसू लागले, तर सायकलची ट्यूब बदलावी. नवी ट्यूब दीडशेच्या आसपास मिळते आणि पाच-सहा पंक्चरांतच ती रक्कम निघून जाते. पण नवी ट्यूब घालतानाही टायर आतून कापडाने पुसून घ्यावा.