कान धुणं (सिरिंजिंग) आणि मायक्रोसक्शन

कानात साचून घट्ट बसलेला मळ क्लिनिकमध्ये काढायच्या या दोन पद्धती. सिरिंजिंगमध्ये कोमट पाण्याची धार मारून मळ बाहेर ढकलतात, आणि मायक्रोसक्शनमध्ये डॉक्टर मायक्रोस्कोपमधून कानात बघत बघत बारीक नळीने तो ओढून घेतात. बहुतेक लोक विचारतात की यातली चांगली कुठली, पण खरा प्रश्न वेगळा आहे, मळाच्या मागे तुमचा पडदा शाबूत आहे का? आणि अडचण अशी की मळ भरलेला असेल तर पडदा दिसतच नाही, त्यामुळे डॉक्टरला तुम्ही सांगाल त्यावर बऱ्यापैकी अवलंबून राहावं लागतं.

मळ हा आजार नाही हे आधीच सांगून टाकतो. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर, मळ तयार होतो फक्त बाहेरच्या भागात, आणि आतली कातडी हळूहळू बाहेर सरकत असते तिच्याबरोबर तोही आपोआप बाहेर येतो. इअरबड घातला की हाच मळ उलटा आत ठासला जातो आणि मग एक दिवस डोक्यावरून अंघोळ केली, पाण्याने मळ फुगला की कानाला दडा बसतो. लोकांना वाटतं पाणी गेलं म्हणून दडा बसला, तर पाणी निमित्त असतं, मळ कित्येक महिने तिथेच असतो.

सिरिंजिंगच्या आधी सहसा दोन-चार दिवस मळ मऊ करायचे थेंब टाकायला देतात. मग खांद्यावर टॉवेल, कानाखाली किडनी ट्रे, मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा म्हणजे नळी सरळ होते, आणि धार मारायची ती नळीच्या वरच्या मागच्या बाजूला, थेट पडद्यावर कधीच नाही. पाणी मळाच्या कडेने मागे जातं, पडद्यापासून परत फिरतं आणि येताना मळाला घेऊन येतं. म्हणजे पाण्याला मागे जायला फट लागते, नळी पूर्ण ठासलेली असेल तर कितीही जोर लावा, दुखण्यापलीकडे काही होत नाही.

पाण्याचं तापमान शरीराइतकं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास असावं लागतं. कारण असं की आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळ नळ्या बाजूलाच आहेत, आणि पाणी गार किंवा गरम लागलं की त्यातला द्रव हलू लागतो. चक्कर तपासायच्या कॅलोरिक टेस्टमध्ये डॉक्टर मुद्दाम ३० आणि ४४ अंशांचं पाणी वापरतात, म्हणजे फक्त ७ अंश इकडेतिकडे झाले की खोली फिरायला लागते. हिवाळ्यात नळाचं पाणी थेट पिचकारीत भरलं तर काय होईल ते सांगायला नको.

जुनी मोठी धातूची पिचकारी अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्या माणसांसाठी ती वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय, कारण हाताने किती दाब पडतोय ते कळत नाही. दाब ठरवता येणारं इलेक्ट्रिक मशीन किंवा मायक्रोसक्शन वापरा असा त्यांचा सल्ला. धार मारताना एकदम जोरात कळ आली, चक्कर आली किंवा रक्त दिसलं तर तिथेच थांबवायचं, "थोडं सहन करा" हे इथे चालत नाही. खोकला आला तर मात्र घाबरू नका, घशाकडेही जाणाऱ्या व्हेगस नर्व्हची एक फांदी कानाच्या नळीत येते तिला स्पर्श झाला की ठसका लागतो.

आता पाणी कुणाच्या कानात नको. पडद्याला भोक असेल किंवा असल्याची शंका असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, पडद्यात ग्रोमेट म्हणजे बारीकशी नळी बसवलेली असेल, कान सध्या वाहतोय किंवा सुजलाय, मागच्या वेळी धुतल्यावर त्रास झाला होता, किंवा दुसऱ्या कानाने ऐकूच येत नाही आणि हा एकच चालू आहे, अशांनी सिरिंजिंग करून घेऊ नये. मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं ऑपरेशन होऊन मोठी पोकळी राहिलेल्यांना तर पाण्याने भयंकर चक्कर येते. डायबेटिस असेल तर धुणं अगदीच बंद असं नाही, पण बारीकसं खरचटलं आणि आत ओल राहिली तर तिथलं इन्फेक्शन क्वचित हाडापर्यंत जातं, म्हणून बरेच ईएनटीवाले त्यांच्यासाठी कोरडी पद्धतच पसंत करतात. पावसाळ्यात कानात बुरशी झालेली असते, ओल्या टीपकागदासारखी दिसते, ती मळ समजून धुतली की अजून ओल मिळते. लहान मुलाने वाटाणा किंवा हरभरा कानात घातला असेल तर पाण्याने तो फुगून घट्ट बसतो, आणि बटन सेल असेल तर पाणीही नाही, थेंबही नाहीत, तातडीने दवाखान्यात न्यायचं.

वर म्हटलेल्या बहुतेकांना मायक्रोसक्शन चालतं, कारण सगळं डोळ्यांसमोर आणि कोरडं होतं. पण त्यालाही मर्यादा आहेत. मळ ओढणारी नळी कानातच असल्यामुळे तिचा आवाज कानठळ्या बसवणारा वाटतो, आधीपासून कानात गुंई आवाज येत असेल तर सांगून ठेवावं. आत ओढल्या जाणाऱ्या हवेने कान गार होतो म्हणून चक्कर इथेही येऊ शकते, मग जरा थांबून पुन्हा करतात. डोकं स्थिर ठेवावंच लागतं, त्यामुळे हातपाय झाडणारं मूल किंवा मान थरथरणारे आजोबा यांचं हे अवघड. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर कातडीला नळी लागून रक्त येऊ शकतं, गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, फक्त डॉक्टरला आधी सांगायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा ६२ वर्षांच्या काकू आहेत, डायबेटिस आहे, अंघोळीनंतर उजव्या कानाला दडा बसला. त्यांना विचारलं, कानाचा काही जुना त्रास? "नाही." पण "लहानपणी कान फुटला होता का, वाहायचा का?" असं विचारलं की लगेच, "हो हो, शाळेत असताना, आई कापूस घालायची." आपल्याकडे कान फुटणं हा आजार मोजलाच जात नाही, म्हणून नेमका हाच शब्द वापरून विचारावं लागतं. कान फुटला होता म्हणजे पडद्याला भोक राहिलेलं असू शकतं, म्हणून या उत्तरानंतर पिचकारी बाजूला. घरी कोमट तेल घालायचा विचार असेल तर तोही रद्द, भोकातून ते थेट मधल्या कानात जाईल. मायक्रोस्कोपखाली कडेचा सुटा मळ आधी ओढला, मधला कडक गोळा बारीक हुकने सैल करून चिमट्याने अख्खा काढला, आणि मागे पडद्यात छोटंसं जुनं भोक दिसलं, कोरडं. आता अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात ठेवायचा, आणि ऐकण्याची टेस्ट करून घ्यायची, कारण दडा सुटला तरी काकूंना त्या कानाने थोडं कमीच ऐकू येतंय.